‘नाइस’च्या पुढे काय?

परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाण्यासाठी आयेल्ट्स देणाऱ्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती बोलण्याच्या परीक्षेची. समोर परीक्षक, चालू रेकॉर्डर आणि 11 ते 14 मिनिटांचा वेळ. या परीक्षेचे तीन भाग असतात. मधल्या भागात हातात एक कार्ड मिळतं. एखाद्या व्यक्तीचं, जागेचं किंवा अनुभवाचं वर्णन करा, असं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली तीन-चार मुद्दे दिलेले असतात. तयारीला 1 मिनिट मिळतं, कागद-पेन्सिलही मिळते. मग उमेदवाराने एकट्याने 1 ते 2 मिनिटं बोलायचं.

इथेच ‘नाइस’ आणि ‘गुड’ धावून येतात. ‘माझी आत्या खूप नाइस आहे, ती सगळ्यांशी खूप गुड वागते, तिचा स्वयंपाकही खूप नाइस असतो.’ यात व्याकरणाची चूक एकही नाही, पण आत्या काही दिसत नाही. तिच्या जागी काका, शेजारी किंवा शाळेतल्या बाई बसवल्या तरी वाक्यं तशीच चालतील.

गुण चार निकषांवर दिले जातात: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चौघांचं वजन सारखं असतं. शब्दसंपत्तीत अवघड शब्दांची मोजदाद होत नाही. विषयाला साजेसा, नेमका शब्द सापडतो का, शब्दांच्या जोड्या इंग्रजीत जशा पडतात तशा पडतात का, आणि शब्द अडला तर तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगता येतो का, हे पाहिलं जातं. पाठ केलेली भाषणं ओळखण्याचं प्रशिक्षण परीक्षकांना असतं. म्हणून ‘नाइस’ खोडून ‘मॅग्निफिसंट’ लिहिण्याने काम होत नाही. ‘माझी आत्या मॅग्निफिसंट आहे’ हे वाक्य पहिल्याइतकंच पोकळ, वर कानाला खटकणारं.

ठसठशीत शब्द सापडतो तो आठवणीतल्या तपशिलातून. समजा कार्डावर आहे: तुम्हाला आवडणाऱ्या, वयाने मोठ्या व्यक्तीचं वर्णन करा. आत्या गावात खानावळ चालवते. ती फटकन बोलते. कुणाला वांगं चालत नाही, हे तिला न सांगता लक्षात असतं. एखाद्या विद्यार्थ्याकडे महिन्याचे पैसे नसले तरी त्याचं ताट थांबत नाही. आता प्रत्येक तपशिलाला शब्द शोधू. फटकन बोलण्याला ‘ब्लंट’. दुसऱ्याचं ध्यानात ठेवण्याला ‘थॉटफुल’. पैशांकडे न पाहता वाढण्याला ‘जेनरस’. तिन्ही शब्द शाळकरी मुलाला कळतील असे आहेत, तरी उत्तर बदलून जातं: ‘शी कॅन बी क्वाइट ब्लंट, बट शी इज जेनरस. इफ अ स्टुडंट कान्ट पे, ही स्टिल गेट्स हिज मील.’ आधी विशेषण आणि लगेच त्याचा पुरावा, ही या वर्णनाची साधी घडण. पुरावा नसेल तर ‘जेनरस’ही ‘नाइस’सारखाच रिकामा राहतो.

माणसाचं वर्णन करताना शब्दाची छटा सांभाळावी लागते. बेताने खर्च करणाऱ्याला ‘थ्रिफ्टी’ म्हटलं तर कौतुक, ‘स्टिंजी’ म्हटलं तर तो कंजूष. ‘क्युरिअस’ माणूस जिज्ञासू, ‘नोझी’ मात्र नको तिथे नाक खुपसणारा. ‘स्लिम’ सडपातळ, ‘स्किनी’ हडकुळा. आपल्याकडे घरगुती स्वभावाच्या बाईसाठी ‘होमली’ सर्रास वापरतात. ब्रिटनमध्ये हा शब्द बहुधा साध्या, उबदार घरासाठी येतो आणि अमेरिकेत माणसाला लावला तर दिसायला बेताचा असा अर्थ होतो. म्हणून समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणं धोक्याचं. यादीत शब्द शेजारी-शेजारी बसतात, वापरात त्यांच्यात बरंच अंतर असतं.

जागेच्या वर्णनात अडचण वेगळी. तिथे ‘ब्यूटिफुल’ येतो आणि त्याच्या मागोमाग ‘पीसफुल’. दापोलीजवळच्या हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव सांगायचा असेल तर हे दोन्ही शब्द खोटे पडतात. तिथे गलका असतो, वास असतो, ओली वाळू असते, गर्दीतून वाट काढावी लागते. डोळ्यांपुरतं न थांबता कान, नाक आणि पाय यांनाही विचारलं की शब्द येतात: गजबजीला ‘बस्लिंग’, खारट-उग्र वासाला ‘पंजंट’, गलक्याला ‘डेफनिंग’. इथे जोड्या जपायच्या. बाजार ‘बस्लिंग’ असतो, खोली ‘क्रॅम्प्ट’ असते. पाऊस ‘हेवी’ किंवा ‘टॉरेन्शल’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. वारा मात्र ‘स्ट्राँग’ असतो. म्हणून नवा शब्द वहीत एकटा लिहू नये, ज्याच्यासोबत येतो त्या नामासकट लिहावा.

भाव पुकारणाऱ्या माणसाला काय म्हणतात, हे ऐनवेळी आठवलं नाही तर? ‘ऑक्शनीअर’ शोधत थांबलात तर ओघ तुटतो आणि तिथले गुण जातात. ‘द मॅन हू शाउट्स द प्राइसेस’ म्हणा आणि पुढे चला. अशी वळसा घालून सांगण्याची हातोटी शब्दसंपत्तीतच धरली जाते.

अनुभव सांगताना विशेषणांपेक्षा क्रियापदं जास्त कामाला येतात. नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्या चढल्याचा प्रसंग घ्या. ‘आय वॉज व्हेरी स्केअर्ड, इट वॉज अ गुड एक्स्पीरिअन्स’ यात ना भीती कळते ना चढण. ‘आय क्लंग टू द रॉक’ म्हटलं की दगडाला बिलगलेला माणूस दिसतो. ‘माय लेग्ज वेअर ट्रेम्बलिंग’ म्हटलं की भीती वेगळी सांगावी लागत नाही. ‘वेंट’च्या जागी ‘क्रॉल्ड’ किंवा ‘स्क्रॅम्बल्ड’ घातलं की चालही कळते. भावना नावानेच सांगायची तर एक नियम पाळा: ‘टेरिफाइड’, ‘एक्झॉस्टेड’, ‘डिलाइटेड’ या शब्दांत ‘खूप’ आधीच मुरलेलं असतं. त्यांच्यामागे ‘व्हेरी’ लावत नाहीत, ‘अ‍ॅब्सल्यूटली’ लावतात. ‘व्हेरी’ शोभतो तो ‘टायर्ड’, ‘स्केअर्ड’ अशा मवाळ शब्दांना.

मग तयारीच्या त्या 1 मिनिटात काय लिहावं? वाक्यं लिहायला वेळ पुरत नाही आणि लिहिली तर वाचण्याचा मोह होतो. कार्डावरच्या प्रत्येक मुद्द्यासमोर एक खरा तपशील आणि त्याला जुळणारा एक शब्द, एवढंच लिहावं. आत्याच्या कार्डावर ‘वांगं – थॉटफुल’, ‘पैसे नाहीत, तरी जेवण – जेनरस’ इतकं पुरतं. बोलताना नजर तपशिलावर ठेवली की शब्द त्याच्या ओढीने येतो, आणि नाही आला तरी सांगायला प्रसंग हातात असतो.

सरावही याच क्रमाने करावा. ओळखीची एक व्यक्ती घेऊन 2 मिनिटं मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा आणि ऐकताना ‘नाइस’, ‘गुड’, ‘ब्यूटिफुल’ जिथे आले तिथे थांबून स्वतःला विचारा, म्हणजे नक्की काय? जे उत्तर मराठीत येईल त्याला इंग्रजी शब्द शोधा, शब्दकोशातली उदाहरणवाक्यं वाचून त्याची जोडी आणि छटा तपासा, उच्चार ऐका आणि तेच वर्णन पुन्हा बोला. प्रत्येक ‘नाइस’ हटवायची गरज नाही. ‘इट वॉज नाइस टू सी हर अगेन’ हे सहज, बरोबर इंग्रजी आहे. बदलायचा तो एवढाच ‘नाइस’, ज्याच्यामागे सांगण्यासारखं काहीतरी दडून राहिलं आहे.