पर्युषण आणि वजन घटवणारी इंजेक्शने

पर्युषण जवळ आले की अठ्ठाईचा संकल्प करणाऱ्या घरांतून अलीकडे एक नवा प्रश्न पुढे येतो. दर आठवड्याला वजनाचे इंजेक्शन घेणाऱ्याने उपवास करावेत का, आणि त्या आठ दिवसांपुरते इंजेक्शन थांबवले तर चालेल का? याचे उत्तर या औषधांच्या कार्यपद्धतीतच दडलेले आहे.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही यातील दोन प्रमुख औषधे. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांसारखे कार्य ती करतात. त्यामुळे मेंदूला तृप्तीचा संदेश मिळतो, जठर सावकाश रिकामे होते आणि भूक मंदावते. बॉडी मास इंडेक्स ३० किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांसाठी, अथवा २७ च्या पुढे असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार जडलेल्यांसाठी ती आहेत. लग्नसराईपूर्वी चार-पाच किलो उतरवू पाहणाऱ्यांसाठी ती नाहीत. गर्भवतींनी ती घेऊ नयेत. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असल्यास तीही टाळावीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

समजा, ४६ वर्षांचे एक कापड व्यापारी आहेत. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, म्हणजे इंडेक्स साधारण ३२.६. मधुमेह नाही, पण रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांना सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि दर चार आठवड्यांनी मात्रा वाढवत २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेली जाते. ही सावकाश चढण मळमळ, उलटी, जुलाब आणि बद्धकोष्ठता आटोक्यात राहावी म्हणून असते. मात्रा वाढली की पहिले काही दिवस हा त्रास अधिक जाणवतो.

आता या गृहस्थांनी पर्युषणापूर्वीचे एक इंजेक्शन चुकवले, तर काय होईल? सेमाग्लुटाइडचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो आणि ते शरीरातून जवळपास नाहीसे होण्यास पाच आठवडे. म्हणजे संपूर्ण पर्व औषधाच्या प्रभावाखालीच जाते. भूक लागत नसल्याने उपवास सुकर वाटतो, पण शरीराची धोक्याची घंटा तेवढी मूक झालेली असते. त्यातच उलटी किंवा जुलाब झाले आणि चौविहार उपवासामुळे पाणीही वर्ज्य असले, तर शरीर कोरडे पडून मूत्रपिंडावर ताण येतो. उभे राहताच भोवळ येणे, लघवी गडद व अल्प होणे ही त्याची लक्षणे होत. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर टाकतात. अशा गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर उपवासात एकाएकी उतरून थरथर, घाम आणि भ्रम होऊ शकतो.

म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी, शक्य तर महिनाभर आधी, डॉक्टरांशी बोलावे. गोळ्यांच्या मात्रा त्यांनीच बदलाव्यात. अनेकांना अठ्ठाईऐवजी एकासणे किंवा बियासणे हा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. गुरुमहाराजांनाही आपली औषधे मोकळेपणाने सांगावीत. पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीकडे जाणारी, न थांबणारी तीव्र वेदना हे स्वादुपिंडाच्या सुजेचे लक्षण असू शकते. झपाट्याने वजन घटल्यास पित्तखडेही होतात. असे दुखणे पारणे होईपर्यंत अंगावर काढू नये. इंजेक्शनांत दोनहून अधिक आठवड्यांचा खंड पडल्यास जुनी पूर्ण मात्रा परस्पर पुन्हा सुरू करू नये. बहुधा लहान मात्रेपासून पुन्हा आरंभ करावा लागतो.

आणि औषध कायमचे थांबवले तर? मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले. औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले आणि सुधारलेला रक्तदाबही पूर्वपदावर गेला. आपल्या व्यापाऱ्यांच्या हिशेबात मांडायचे तर ९२ वरून ७८ किलो आणि पुन्हा ८७ च्या आसपास. यात त्यांच्या संकल्पशक्तीचा दोष नाही. औषधाने दाबलेली भूक परत येते आणि हलके झालेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करते. वजनासोबत स्नायूही घटलेले असतात. त्यामुळे औषध चालू असतानाच रोजच्या ताटात मूग, तूर, दूध, पनीर यांचा पुरेसा अंश असावा आणि वजन उचलण्याचा व्यायाम असावा.

इंजेक्शन सुरू करतानाच ते किती काळ चालेल आणि त्याचा खर्च किती वर्षे पेलेल, हा ताळेबंद डॉक्टरांसमोर मांडून घ्यावा. तपस्या म्हणजे भुकेला जाणून तिच्यावर मिळवलेला संयम. भूकच औषधाने निजलेली असेल, तर त्या काळात शरीराची राखण जागेपणी करावी लागते.