चौथ्या घाताची युक्ती

कार्दानोचा शिष्य लोदोविको फेरारी याने चतुर्घात समीकरण सोडवण्याची रीत शोधली. ती १५४५ साली कार्दानोच्या ‘आर्स माग्ना’त छापली गेली.

x⁴ + 4x³ + 6x² + 16x + 8 = 0 घ्या. घनाचा सहगुणक ४; त्याचा चौथा भाग १, म्हणून x = y − 1 ठेवायचे. घनपद उडते आणि उरते y⁴ = −12y + 5. (इथे वर्गपदही गेले, तो योगायोग.)

आता खरी गंमत. दोन्ही बाजूंत 2my² + m² मिळवा. डावीकडे (y² + m)² होतो. उजवीकडचे 2my² − 12y + m² + 5 हेही पूर्ण वर्ग व्हावे, म्हणून त्याचा विवेचक शून्य हवा. त्यातून m चे घन समीकरण मिळते: m³ + 5m = 18. इथे m = 2 चालतो. मग (y² + 2)² = (2y − 3)².

वर्गमूळ घेताना धन-ऋण दोन्ही चिन्हे घ्यायची. एक विसरलात तर निम्मी उत्तरे गेली. दोन वर्गसमीकरणे सुटतात, y मधून १ वजा केला की x = −2 ± √2 आणि ±2i. चारांची बेरीज −४ येते का, एवढे मात्र तपासा.