विहिरीच्या पातळीची नोंद आणि एस. डी. कार्ड

निरीक्षण विहिरीतील पाण्याची पातळी दर १० मिनिटांनी आपोआप टिपून ठेवणारे यंत्र तयार करावयाचे असल्यास दाबमापक संवेदक, लहानसा सूक्ष्मनियंत्रक आणि एस. डी. कार्ड एवढे साहित्य पुरते. कार्ड व सूक्ष्मनियंत्रक यांचा संवाद चार तारांवरून चालतो: एक घड्याळाच्या ठोक्यांची, एक जाणाऱ्या माहितीची, एक येणाऱ्या माहितीची आणि चौथी कार्ड निवडण्याची. कार्ड ३.३ व्होल्टवर चालते. ५ व्होल्टच्या तारा त्यास थेट जोडू नयेत.

वीज मिळताच कार्ड या पद्धतीने बोलू लागत नाही. त्यास प्रथम जागे करावे लागते. निवडीची तार वर ठेवून किमान ७४ ठोके द्यावयाचे असतात. व्यवहारात `0xFF` हा बाइट दहा वेळा पाठविला की ८० ठोके होतात. या काळात ठोक्यांचा वेग सेकंदाला ४ लाखांहून अधिक नसावा. नंतर निवडीची तार खाली आणून `CMD0` पाठवावी; उत्तर `0x01` आले तर कार्ड जागे झाले. सतत `0xFF` येत असेल तर दोष बहुधा जोडणीत किंवा वीजपुरवठ्यात असतो, कार्यक्रमात तो शोधत बसू नये. पुढे `CMD8` पाठवून व्होल्टता जुळते का ते पाहावे आणि मग `CMD55` व `ACMD41` ही जोडी `0x00` येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवावी. यास एक सेकंदापर्यंत वेळ लागू शकतो. वेग वाढवावयाचा तो यानंतरच.

खरी हानी मात्र पुढे, फाइलीत होते. एक नोंद ३२ बाइटांची धरली तर दिवसाच्या १४४ नोंदी ४,६०८ बाइट होतात. कार्ड मात्र ५१२ बाइटांचा खंड एकदम लिहिते, म्हणजे १६ नोंदी. खंड भरेपर्यंत माहिती सूक्ष्मनियंत्रकाच्या स्मृतीतच राहते. वीज गेली तर २ तास ४० मिनिटांची माहिती बुडू शकते. त्याहून मोठा धोका असा की, फाइलीची लांबी निर्देशिकेत फाइल बंद करताना नोंदली जाते. महिनाभर उघडी ठेवलेली फाइल वीज गेल्यावर शून्य लांबीची दिसते. आकडे कार्डावर असूनही संगणकास ते सापडत नाहीत. अतिवृष्टीच्या रात्री, म्हणजे पातळी झपाट्याने चढत असताना, वीज हटकून जाते.

म्हणून प्रत्येक नोंदीनंतर लांबी कायम करावी:

```c
f_write(&fil, rec, 32, &n);
f_sync(&fil);
```

दिवसाला १४४ वेळा असे करणे कार्डास जड नाही. लिहिताना कार्ड विजेचा मोठा घोट घेते. विजेरी उतरलेली असल्यास नेमक्या त्याच क्षणी यंत्र बंद पडून निर्देशिका बिघडू शकते. यासाठी लिहिण्यापूर्वी व्होल्टता मोजावी आणि ती ठरविलेल्या मर्यादेखाली असल्यास लेखन टाळावे. कार्ड काढण्यापूर्वी फाइल बंद करणारी कळ दाबावी, दिवा विझल्यावरच कार्ड ओढावे आणि दिवसागणिक फाइल ४,६०८ बाइटांनी वाढली आहे ना, हे तेथेच पडताळून घ्यावे.