सेल ब्रॉडकास्ट इशारा

'''सेल ब्रॉडकास्ट इशारा''' हा ठरावीक भूभागातील सर्व भ्रमणध्वनींवर (मोबाइल) एकाच वेळी पाठवला जाणारा शासकीय आपत्कालीन संदेश आहे. पडद्यावर तो लघुसंदेशासारखा (एसएमएस) दिसत असला, तरी त्याची प्रसारणपद्धत आणि भ्रमणध्वनीतील हाताळणी पूर्णतः वेगळी असते. भारतात सी-डॉटने विकसित केलेल्या या प्रणालीच्या चाचण्या २०२३ मध्ये घेण्यात आल्या.

== लघुसंदेशाशी तुलना ==

लघुसंदेश एका क्रमांकाला उद्देशून पाठवला जातो. तो आधी लघुसंदेश केंद्रात साठवला जातो. त्यानंतर जाळे त्या क्रमांकाचा भ्रमणध्वनी कोठे आहे हे शोधून संदेश पोहोचवते. दहा लाख लोकांना कळवायचे असल्यास ही प्रक्रिया दहा लाख वेळा करावी लागते. त्यामुळे गर्दीच्या वेळी संदेश रेंगाळतात.

सेल ब्रॉडकास्टमध्ये क्रमांकाची गरजच नसते. शासकीय यंत्रणा नकाशावर क्षेत्र निश्चित करते आणि त्या क्षेत्रातील मनोरे आकाशवाणीप्रमाणे तो संदेश सामायिक वाहिनीवर प्रसारित करतात. ऐकणारे शंभर असोत वा लाख, मनोऱ्यावरील भार तेवढाच राहतो. संदेश ठरावीक अंतराने पुन्हा प्रसारित होत असल्याने नंतर त्या क्षेत्रात आलेल्यांनाही तो मिळतो. अनुक्रमांकावरून भ्रमणध्वनी आधी मिळालेला संदेश ओळखतो व पुन्हा वाजत नाही. मात्र हे प्रसारण एकतर्फी असल्याने संदेश कोणाला मिळाला, हे जाळ्याला कळत नाही.

== मूक अवस्थेतही आवाज ==

प्रत्येक संदेशासोबत एक ओळखक्रमांक येतो. आंतरराष्ट्रीय मानकांत ४३७० पासूनचे काही क्रमांक सार्वजनिक इशाऱ्यांसाठी राखीव आहेत. असा क्रमांक आढळताच भ्रमणध्वनीची कार्यप्रणाली तो लघुसंदेशांच्या ॲपकडे न देता इशाऱ्यांच्या स्वतंत्र विभागाकडे सोपवते. हा विभाग वापरकर्त्याने ठेवलेला आवाज न जुमानता विशिष्ट ध्वनी व कंपन सुरू करतो. म्हणजेच मूक अवस्था बाहेरून कोणी बंद करत नाही. हा अपवाद भ्रमणध्वनीतच आधीपासून नोंदवलेला असतो. झोपलेल्या व्यक्तीलाही इशारा कळावा, हा त्यामागील हेतू आहे. अनेक देशांत काही प्रकारचे इशारे सेटिंगमधून बंद करता येतात.

== मर्यादा ==

बंद असलेल्या, विमान अवस्थेतील किंवा मनोऱ्याच्या कक्षेबाहेरील भ्रमणध्वनीवर इशारा येत नाही. मनोऱ्याच्या लहरी नकाशावरील रेषेपाशी थांबत नसल्याने शेजारच्या भागातही तो पोहोचू शकतो.

सक्तीचा आवाज काहींना धोक्याचाही ठरू शकतो. २३ एप्रिल २०२३ रोजी ब्रिटनमध्ये देशव्यापी चाचणी झाली. कौटुंबिक हिंसाचाराला तोंड देणाऱ्या काही व्यक्ती मदत मागण्यासाठी लपवून दुसरा भ्रमणध्वनी बाळगतात. चाचणीच्या आवाजाने तो उघडकीस येण्याची भीती होती. म्हणून अशा व्यक्तींना त्यावरील आपत्कालीन इशारे आधीच बंद करण्याची सूचना देण्यात आली होती. केवळ मूक अवस्था त्यांच्यासाठी पुरेशी नव्हती.