पंख्याच्या आकड्यापासून घराच्या खऱ्या गळतीपर्यंत

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात पारा शून्याखाली बराच उतरतो. तिथल्या घराला ऊब द्यायला किती ऊर्जा लागेल, याचा हिशेब करणाऱ्या अभियंत्याला भिंतींच्या जाडीइतकीच फटींमधून शिरणाऱ्या हवेची चिंता असते. ती गळती मोजायला ब्लोअर डोअर वापरतात. मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात पंखा बसवतात, खिडक्या लावून घेतात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी करतात. तो दाब टिकवायला पंख्याला ताशी जितकी हवा बाहेर टाकावी लागते, तितकीच फटींतून आत येत असते.

एक दुमजली घर घेऊ. आतलं आकारमान ४०० घनमीटर, आणि ५० पास्कलला पंख्यातून ताशी २,००० घनमीटर हवा गेली. म्हणजे तासाला पाच वेळा घरातली सगळी हवा बदलली. हा पाचाचा आकडा अहवालात ठळक छापलेला असतो आणि तो तसाच ऊर्जा-मॉडेलमध्ये भरला, की सगळा हिशेब बिघडतो. रोजच्या वाऱ्यात आणि थंडीत घराच्या भिंतींवर साधारण काही पास्कलचाच दाब असतो. ५० पास्कल हा वाऱ्याच्या झुळकांनी मोजणी डळमळू नये म्हणून मुद्दाम निर्माण केलेला मोठा दाब आहे.

जुना सोपा उपाय म्हणजे वीसने भागणे. पाच भागिले वीस, म्हणजे तासाला ०.२५. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या मॅक्स शर्मन यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की हा वीस सगळीकडे सारखा राहत नाही. हवामान, घराची उंची, वाऱ्यापासूनचा आडोसा आणि फटींचा प्रकार यांनुसार तो बदलतो. शिवाय उत्तर येतं ते वर्षाच्या सरासरीचं. ऊर्जा-मॉडेल मात्र वर्षाचा प्रत्येक तास वेगळा मोजतं.

म्हणून चाचणीच्या आकड्यातून आधी फटींचं एकूण क्षेत्रफळ काढणं बरं. दाब आणि प्रवाह यांचं नातं असं:

```
Q = C × ΔP^n
```

इथे n हा घातांक फटींच्या स्वभावाचा असतो. मोठ्या भोकांना तो ०.५ च्या जवळ, बारीक लांब चिरांना १ च्या जवळ. अनेक दाबांवर मोजणी केली तर तो थेट मिळतो. एकाच दाबावर मोजलं असेल तर ०.६५ धरतात. मोजणीतून n या दोन टोकांच्या बाहेर आला, तर चाचणीच चुकली असं समजावं. मधेच एखादं दार उघडलं गेलं असेल किंवा वारा सुटला असेल.

०.६५ धरून ४ पास्कलला आपल्या घराची गळती ताशी सुमारे ३८७ घनमीटर येते. त्या दाबाला तेवढी हवा जाऊ देणारं भोक सुमारे ४१७ चौरस सेंटिमीटरचं असतं. n चा अंदाज ०.६० किंवा ०.७० असता, तर हेच क्षेत्रफळ सुमारे ४७३ किंवा ३६७ झालं असतं. एकाच दाबावरची चाचणी स्वस्त असली, तरी तिच्यासोबत ही अनिश्चितता येते.

एनर्जीप्लस या प्रणालीत हे क्षेत्रफळ `ZoneInfiltration:EffectiveLeakageArea` मध्ये जातं. शर्मन आणि ग्रिम्सरूड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या पद्धतीवर ते उभं आहे. त्याला दोन गुणांक लागतात, एक तापमानातल्या फरकाचा, दुसरा वाऱ्याचा. मध्यम आडोशाच्या दुमजली घराला ते ०.०००२९० आणि ०.०००२३१ असे आहेत. एकमजलीचे गुणांक चुकून घेतले, तर तापमानाचा गुणांक निम्माच राहतो.

आता दोन तास पाहू. हिवाळ्यात आत २० अंश, बाहेर उणे १०, वारा सेकंदाला ४ मीटर. तेव्हा ताशी सुमारे १६७ घनमीटर हवा शिरते, म्हणजे तासाला ०.४२ वेळा. वसंतातल्या सौम्य दिवशी फरक ३ अंशांचा आणि वारा २ मीटरचा असला, तर हाच दर ०.१६ वर येतो. वीसने भागून आलेला ०.२५ या दोन्हींपैकी कुठल्याच तासाला लागू पडत नाही. थंडीच्या तासाला ०.२५ धरल्यास हवा तापवायला सुमारे १,००० वॉट लागतील असं वाटतं, प्रत्यक्षात लागतात सुमारे १,७००. तापवण्याचं यंत्र निवडताना हा फरक जड जातो.

मॉडेलमध्ये घराचे अनेक कक्ष असतील, तर ४१७ चौरस सेंटिमीटर बाहेरच्या भिंती-छताच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटावेत. प्रत्येक कक्षाला पूर्ण आकडा दिला, तर गळती कक्षांच्या संख्येइतक्या पटीने वाढते. शेवटी एक थंड तास चालवून `Zone Infiltration Air Change Rate` हा निकाल पाहावा. सगळ्या कक्षांची हवा मिळून त्याच परिस्थितीत ०.४२ च्या आसपास आली, तर क्षेत्रफळ, एकक आणि गुणांक बरोबर भरले गेले आहेत. ५ च्या जवळपासचा आकडा दिसला, तर पंख्याचा दर तसाच मॉडेलमध्ये गेला आहे.