आपल्याच निबंधाला बँड देताना

आयईएलटीएस परीक्षेच्या लेखनाच्या पेपरला ६० मिनिटे मिळतात आणि त्यात दोन प्रश्न सोडवायचे असतात. दुसरा प्रश्न, म्हणजे ‘टास्क टू’, किमान २५० शब्दांच्या निबंधाचा असतो आणि त्याला पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट वजन असते. या निबंधाला गुण न देता ० ते ९ यांमधला बँड देतात. बँड कसा ठरतो याचा तक्ता परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी सर्वांसाठी खुला ठेवला आहे. २०२३ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. परीक्षार्थी हा तक्ता वाचतात, पण तो स्वतःच्या निबंधाला लावून पाहणारे थोडे. बहुतेक जण निबंध संपवतात, एकदा वाचतात आणि ‘साडेसहा तरी मिळायला हरकत नाही’ असा अंदाज बांधतात. हा अंदाज निबंध लिहिताना झालेल्या कष्टांवरून बांधलेला असतो. तक्ता मात्र फक्त कागदावर काय उतरले आहे ते विचारतो.

तक्त्यात चार निकष आहेत आणि चारही सारख्या वजनाचे आहेत. विचारलेल्या प्रश्नाला कितपत उत्तर दिले, मांडणी व वाक्यांची जोडणी कशी आहे, शब्दसंपत्ती किती व किती नेमकी आहे, आणि व्याकरणाचा आवाका व अचूकपणा किती आहे, असे हे चार निकष. प्रत्येक निकषाला पूर्ण आकड्यात बँड द्यायचा आणि चारांची सरासरी काढायची. तक्ता वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एखाद्या बँडच्या वर्णनातील चांगल्या गोष्टी निबंधात पूर्णपणे दिसल्या तरच तो बँड मिळतो. अर्ध्यामुर्ध्या दिसल्या तर खालच्या पायरीवर यावे लागते. आणि तक्त्यात जे शब्द ठळक छापले आहेत, ते बँडला मर्यादा घालणाऱ्या उणिवा सांगतात. म्हणून स्वतः तपासताना वाचनाची सुरुवात ठळक शब्दांपासून करणे सोयीचे. ‘माझ्या निबंधात काय चांगले आहे’ याचे उत्तर मनाजोगते निघते, ‘ही उणीव आहे का’ याचे उत्तर कागदावर बोट ठेवून द्यावे लागते.

स्वतःच्या निबंधाला हात घालण्याआधी नजर तयार करावी लागते. त्यासाठी केंब्रिजच्या सरावसंचांतील नमुना निबंध उपयोगी पडतात. पुस्तकाच्या शेवटी असलेले हे नमुने दोन प्रकारचे असतात आणि ही गल्लत पुष्कळदा होते. काही उत्तरे परीक्षकाने स्वतः लिहिलेली असतात. ती उत्तम असतात, पण त्यांच्यावर बँडचा आकडा नसतो, त्यामुळे मोजमाप शिकायला ती कामाची नाहीत. दुसरी उत्तरे परीक्षार्थींची असतात. त्यांच्याखाली मिळालेला बँड आणि परीक्षकाचा अभिप्राय छापलेला असतो. खरा अभ्यास यांच्यावर करायचा. बँड व अभिप्राय झाकून ठेवावेत, तक्ता समोर घेऊन चारही निकषांना आपले आकडे लिहावेत आणि मगच छापील आकडा उघडावा. पाच-सहा निबंधांनंतर आपल्या चुकीला ठरावीक दिशा आहे का ते दिसू लागते. पुष्कळ जण भारदस्त शब्द दिसले की शब्दसंपत्तीला एक बँड जास्त देतात, तर कुणी व्याकरणाच्या दोन ठळक चुका पाहून सगळ्या निबंधावरच रागावतात. अभिप्रायात बहुधा एकेका निकषाबद्दल काही ना काही सांगितलेले असते, त्यामुळे चूक कुठल्या निकषात होते तेही कळते. स्वतःचा निबंध तपासताना तेवढी दुरुस्ती आधीच धरून चालता येते.

जुन्या प्रश्नांचा उपयोग पहिल्या निकषासाठी सर्वांत जास्त. केंब्रिजच्या संचांतील एक विषय असा: वाढती वाहतूक आणि प्रदूषण यांवर पेट्रोलची किंमत वाढवणे हा सर्वांत चांगला उपाय आहे, या मताशी किती सहमत आहात? आणखी कोणते उपाय परिणामकारक ठरतील असे वाटते? निबंध लिहिण्याआधी प्रश्न नेमके काय मागतो ते वेगळ्या कागदावर मांडून ठेवावे. इथे मागण्या चार आहेत. वाहतूक आणि प्रदूषण या दोन्ही समस्यांना धरून बोलायचे आहे. पेट्रोल महाग करणे हा एक उपाय आहे एवढे म्हणून भागत नाही; तो ‘सर्वांत चांगला’ आहे का, यावर मत द्यायचे आहे. सहमती किती, ते सांगायचे आहे. आणि दुसऱ्या वाक्यातला स्वतंत्र प्रश्न, म्हणजे इतर उपाय, तोही सोडवायचा आहे. ही यादी लिहिण्याआधीच करायची, कारण निबंध झाल्यावर केली तर ती लिहिलेल्या मजकुराला सोयीची होते. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवणीतून सांगितलेले प्रश्न या कामाला धोक्याचे असतात. त्यांत ‘सर्वांत चांगला’सारखा एखादा शब्द हमखास गळतो, आणि बँड नेमका त्याच शब्दावर अडलेला असतो.

याच विषयावरचा एक साधारण निबंध धरू. २७० शब्द, चार परिच्छेद. पहिल्यात प्रश्न थोडे शब्द बदलून पुन्हा लिहिला आहे आणि पूर्ण सहमती दर्शवली आहे. दुसऱ्यात म्हटले आहे की पेट्रोल महागले की लोक गाडी घरी ठेवून बसने किंवा रेल्वेने जातील, त्यामुळे रस्ते मोकळे होतील. तिसऱ्यात प्रदूषणाने होणारे दमा व हृदयाचे विकार, मुलांचे हाल, झाडांची हानी असे वर्णन आहे. चौथ्यात समारोप आहे: पेट्रोल महाग करावेच, शिवाय सरकारने सार्वजनिक वाहतूक सुधारावी आणि जुन्या गाड्यांवर बंदी घालावी.

वाचायला हा निबंध बरा वाटतो. मागण्यांची यादी शेजारी ठेवली की चित्र बदलते. इतर उपायांचा प्रश्न शेवटच्या एका वाक्यात उरकला आहे. सहाव्या बँडमध्ये काही भागांवर जास्त, काहींवर कमी लिहिलेले चालते, पण सर्व मुख्य भागांना उत्तर असावे लागते. इथे दोन उपायांची नुसती नावे आहेत. ते कसे परिणामकारक ठरतील याबद्दल अक्षरही नाही. याला अर्धवट उत्तर म्हणावे लागते आणि अर्धवट उत्तर पाचव्या बँडच्या वर्णनात बसते. तिसरा परिच्छेद तर प्रश्नाला सोडूनच गेला आहे. प्रदूषण वाईट असते हे प्रश्नाने गृहीतच धरले होते. पेट्रोलच्या किमतीने ते कमी होईल का, हे तिथे यायला हवे होते. विषयाचे जमेल तेवढे वर्णन करावे ही मराठी शाळांतील निबंधाची सवय इथे नकळत डोकावते. त्या प्रकारच्या निबंधात ती शोभतेही, पण या परीक्षेत त्या ओळींनी मुद्दा पुढे सरकत नाही. पहिल्या निकषाला ५.

मांडणीत विचार क्रमाने येतात, परिच्छेदही पडले आहेत. पण ओळीने पाच वाक्ये ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘इन अॅडिशन’ अशा शब्दांनी सुरू होतात. जोडशब्दांचा असा यांत्रिक वापर हे सहाव्या बँडचे लक्षण आहे. ते खोडून वाचले तरी अर्थ तसाच राहतो, यावरून ते उगाच आले होते हे कळते. या निकषाला ६. शब्दसंपत्ती विषयाला पुरते, चुका अर्थाआड येत नाहीत, पण ‘प्रॉब्लेम’ हा एकच शब्द निबंधभर फिरतो. इथेही ६.

व्याकरणाचा बँड मोजून काढता येतो आणि म्हणूनच तो अंदाजाने देऊ नये. प्रत्येक वाक्यासमोर बरोबर किंवा चूक अशी खूण करावी. निबंधात १४ वाक्ये आहेत आणि त्यांपैकी ५ निर्दोष आहेत. ‘द नंबर ऑफ कार्स आर इन्क्रीझिंग’ यात क्रियापद ‘कार्स’शी जुळवले आहे, ‘नंबर’शी जुळवायला हवे होते. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ फाजील आहे. ‘गव्हर्नमेंट’आधीचा ‘द’ तीन ठिकाणी गळला आहे. सातव्या बँडला निर्दोष वाक्ये वारंवार दिसावी लागतात, आठव्याला बहुसंख्य वाक्ये निर्दोष हवीत. १४ पैकी ५ हे प्रमाण सातव्याला तोकडे आहे. लांब, जोडवाक्ये आहेत, पण चुकांचा मोठा वाटा त्यांच्यातच आहे. हेही सहाव्याच बँडचे वर्णन. चार आकड्यांची सरासरी ५.७५ येते. लिहिणाऱ्याची अपेक्षा साडेसहाची असेल, तर मधले अंतर कुठून आले हे आता दाखवता येते.

या निबंधात सर्वांत स्वस्त दुरुस्ती तिसऱ्या परिच्छेदाची आहे. रोगांची यादी काढून तिथे इतर उपायांपैकी एक घेतला, समजा बसची संख्या वाढवणे, आणि बस वेळेवर व जवळ मिळत नसेल तर पेट्रोल कितीही महागले तरी कामावर जाणारा माणूस गाडी सोडणार नाही असा मुद्दा तीन-चार वाक्यांत फुलवला, तर पहिला निकष ६ वर येतो. त्याबरोबर पहिल्या परिच्छेदातली सरसकट सहमतीही बदलावी लागेल, नाहीतर भूमिका आणि मुद्दे एकमेकांविरुद्ध जातील. ७ वर जायला नुसता नवा परिच्छेद पुरत नाही. मत सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट राहून पुढे पुढे विकसित व्हावे लागते. एकाच निकषाने एक पायरी चढल्यास सरासरीत पाव बँडचा फरक पडतो, म्हणून एका वेळी एकच निकष धरून तोच निबंध पुन्हा लिहिणे आणि पुन्हा तपासणे फायद्याचे असते.

लिहिल्या दिवशी तपासू नये. मनातला अर्थ ताजा असतो, आणि कागदावर नसलेला दुवा डोळे आपोआप भरून काढतात. दोन-तीन दिवस गेल्यावर वाचले की तो दुवा नसल्याचे जाणवते. व्याकरणासाठी शेवटच्या वाक्यापासून उलट क्रमाने वाचल्यास अर्थाचा ओघ तुटतो आणि एकेक वाक्य सुटे दिसते. संगणकावर सराव करताना स्पेलिंग तपासणारी सोय बंद ठेवावी, कारण परीक्षेच्या पडद्यावर शब्दांची संख्या दिसते, पण चुकीच्या स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही.

एवढे करूनही एक भाग हाताबाहेर राहतो. जी चूक चूक म्हणून माहीतच नाही, ती कितीही वेळा वाचली तरी सापडत नाही. मराठीत ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांना समांतर असे काही नाही, त्यामुळे मराठीभाषकाच्या लेखनात त्यांच्या चुका कायम राहतात आणि निर्दोष वाक्यांची संख्या फुगलेली दिसते. म्हणून पहिल्या तीन निकषांचे स्वतः दिलेले आकडे बऱ्याच अंशी धरून चालता येतात, तर व्याकरणाचा आकडा इंग्रजी चांगले जाणणाऱ्या कुणाकडून पडताळून घ्यावा लागतो. त्यांना बँड विचारण्याची गरज नसते. १४ वाक्यांपुढे फक्त बरोबर की चूक एवढी खूण त्यांनी केली की पुरते.