इंडिकेटर दुप्पट वेगाने का मिचकतो?

मोटार वळवण्यापूर्वी आपण इंडिकेटरची दांडी खाली किंवा वर करतो आणि समोरच्या पटलावरचा हिरवा बाण टिकटिक करू लागतो. हा ठोका इतका सवयीचा असतो की एरवी तो कानावर पडूनही ऐकू येत नाही. परंतु एखाद्या दिवशी तोच ठोका अचानक दुप्पट घाईने पडू लागतो. उजव्या बाजूला सारे नेहमीसारखे, डाव्या बाजूला मात्र बाण धापा टाकल्यासारखा मिचकतो. अशा वेळी बहुतेकांचा समज होतो की टिकटिक करणारे यंत्र बिघडले. वस्तुस्थिती प्रायः याच्या उलट असते. ते यंत्र आपले काम चोख करीत असते आणि बिघाड दुसरीकडेच असतो. हा बिघाड कुठे शोधावा, हे समजून घेण्यासाठी त्या ठोक्यामागचे कारण आधी पाहिले पाहिजे.

तारेचे बल्ब असलेल्या सर्वसाधारण मोटारीत प्रत्येक बाजूला तीन इंडिकेटर असतात. पुढचा बल्ब २१ वॅटचा, मागचा २१ वॅटचा आणि मडगार्डवरचा किंवा आरशावरचा छोटा ५ वॅटचा. एका बाजूची बेरीज झाली ४७ वॅट. मोटारीची विद्युतव्यवस्था १२ व्होल्टची. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. म्हणजे डावीकडचा इंडिकेटर लावला असता सुमारे ३.९ अँपिअर प्रवाह वाहतो. यालाच मेकॅनिक मंडळी ‘लोड’ म्हणतात. यांपैकी एक मोठा बल्ब जळाला तर उरतात २६ वॅट, आणि प्रवाह २.२ अँपिअरपर्यंत घसरतो.

हा सारा प्रवाह फ्लॅशर नावाच्या एका छोट्या डबीतून जातो. आतल्या इलेक्ट्रॉनिक मंडलात एक अत्यंत कमी रोधाची पट्टी असते. प्रवाह जास्त असेल तर त्या पट्टीच्या दोन टोकांमध्ये थोडा अधिक दाब निर्माण होतो, प्रवाह कमी असेल तर कमी. फ्लॅशर हा दाब सतत मोजत असतो. पूर्ण लोडचा प्रवाह आणि एक मोठा बल्ब गेल्यावरचा प्रवाह, यांच्या मध्ये कुठेतरी बनवणाऱ्याने एक मर्यादा ठरवून दिलेली असते. प्रवाह तिच्या वर असला की ठोका मिनिटाला साधारण ९० वेळा पडतो. मानकांनुसार तो ६० ते १२० च्या दरम्यान असावा लागतो. प्रवाह मर्यादेच्या खाली गेला की मंडल स्वतःच ठोक्याची गती जवळजवळ दुप्पट करते.

असे मुद्दाम करण्याचे कारण साधे आहे. चालकाला आपल्या गाडीचे बाहेरचे दिवे आसनावरून दिसत नाहीत. मागचा दिवा बंद पडला, तर ते मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला कळते, पण तेही फार उशिरा. चालकाला मात्र त्याचा पत्ता नसतो. म्हणून डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कानापर्यंत पोहोचवण्याची ही योजना आहे. जुन्या मोटारींत तापणाऱ्या द्विधातू पट्टीचे फ्लॅशर असत. तेथे बल्ब गेला की पट्टी पुरेशी तापत नसे, त्यामुळे दिवा मंद गतीने मिचके किंवा नुसताच जळत राही. खूण वेगळी होती, अर्थ एकच होता. आजच्या अनेक गाड्यांत तर वेगळी डबीही नसते. हे काम गाडीतला संगणक करतो आणि टिकटिक हा केवळ स्पीकरमधून काढलेला आवाज असतो. तरीही प्रवाह मोजून इशारा देण्याचे तत्त्व तेच राहिले आहे.

यावरून तपासाचे पहिले सूत्र हाती येते. बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंना फ्लॅशर एकच असतो. त्यामुळे एका बाजूला गती योग्य आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट असेल, तर फ्लॅशर निर्दोष समजावा. दोष त्या एका बाजूच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये किंवा तारांत आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. आमच्या एका शेजाऱ्यांच्या जुन्या लहान मोटारीचा डावा इंडिकेटर पावसाळ्यानंतर घाईने मिचकू लागला. घड्याळ लावून मोजले, तेव्हा उजवीकडे दहा सेकंदांत १५ ठोके आणि डावीकडे ३० भरले. एका कारागिराने गाडी न उघडताच सांगितले होते, “सर, फ्लॅशर गेलाय, नवा टाकावा लागेल.” तो खर्च करण्याआधी आम्ही क्रमाने तपासायचे ठरवले.

गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून चारही इंडिकेटर एकदम मिचकवणारे बटण दाबले. गंमत अशी की आता ठोका अगदी नेहमीच्या गतीने पडू लागला. यात गूढ काही नाही. चारही बाजू लागल्या की एकूण लोड ९४ वॅट होतो. त्यातून २१ वजा झाले तरी ७३ उरतात आणि एका बाजूसाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ते पुष्कळच जास्त आहेत. म्हणून या बटणाने ठोका सुधारला, तर बिघाड गेला असे मानू नये. मात्र गाडीभोवती फिरून पाहण्यासाठी ही सोय उत्तम. फेरी मारल्यावर दिसले की पुढचा डावा दिवा लागतच नव्हता.

बल्ब काढून उजेडात धरला. काच काळवंडलेली नव्हती, तारही अखंड दिसत होती. तरी खात्रीसाठी उजवीकडचा चालू बल्ब डावीकडे बसवून पाहिला. दिवा लागला नाही, आणि डावीकडचा बल्ब उजवीकडे छान लागला. म्हणजे बल्ब चांगला होता. येथवर आल्यावर पुष्कळ जण पुन्हा फ्लॅशरवर संशय घेतात. परंतु मागचा आणि बाजूचा दिवा लागत असताना फ्लॅशरमधून वीज बाहेर येत होती, हे उघड आहे. प्रश्न पुढच्या होल्डरचा होता.

बल्बला दोन वाटा लागतात. एक वीज येण्याची, दुसरी परत जाण्याची. मोटारीत परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, जो बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. बल्बपासून सांगाड्यापर्यंत जाणाऱ्या छोट्या तारेला ‘अर्थ’ म्हणतात. येणारी तार सर्वांच्या लक्षात राहते, जाणारी विसरली जाते. तिचे टोक बहुधा बंपरच्या मागे एका बोल्टखाली दाबलेले असते आणि पाणी व चिखल नेमके तेथेच साचतात.

अर्थ तपासण्यासाठी आम्ही मीटरऐवजी एक जादा २१ वॅटचा बल्ब घेऊन त्याला दोन तारा जोडल्या. याला कारण आहे. मीटर अगदी नगण्य प्रवाहावर मोजमाप करतो. तारेचा एकच धागा शिल्लक असेल किंवा गंजाच्या थरातून थोडासा संपर्क होत असेल, तरी मीटर जोडणी ठीक असल्याची शिटी देऊ शकतो. पण पावणेदोन अँपिअर वाहण्याची वेळ आली की तोच संपर्क हात वर करतो. म्हणून जेवढे ओझे प्रत्यक्षात वाहायचे आहे, तेवढेच टाकून पाहावे.

इंडिकेटर बंद करून आणि मूळ बल्ब काढून ठेवून चाचणीच्या बल्बची एक तार बॅटरीच्या धन टोकाला लावली, दुसरी होल्डरच्या अर्थ पट्टीला. बल्ब लागला नाही. तीच दुसरी तार इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवताच तो लख्ख पेटला. दोष सापडला. पक्के करण्यासाठी बल्ब पुन्हा बसवला, होल्डरच्या अर्थापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक तात्पुरती तार ओढली आणि डावा इंडिकेटर लावला. दिवा पेटला आणि ठोका दहा सेकंदांत पुन्हा १५ वर आला.

बंपरमागचा बोल्ट सोडवला, तेव्हा तारेच्या टोकाची कडी हिरवट पडली होती आणि तिच्याखालचा पत्रा गंजला होता. कडी बदलली, पत्रा सँडपेपरने चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट केला आणि वरून ग्रीस लावले. नवा फ्लॅशर घेतला असता, तर तोही इमानाने दुप्पट वेगाने मिचकत राहिला असता.

मागच्या दिव्यांचा अर्थदोष मात्र थोडा निराळा दिसतो. तेथे इंडिकेटर, ब्रेक आणि टेल या दिव्यांची अर्थ तार पुष्कळदा एकच असते. ती तुटली तर इंडिकेटरची वीज शेजारच्या ब्रेकच्या किंवा टेलच्या बल्बमधून उलटी जाऊन, दुसऱ्या बाजूच्या दिव्यांमार्गे परतीची वाट शोधते. मग इंडिकेटर मंद आणि तांबूस दिसतो आणि त्याच्या ठोक्याबरोबर लाल दिवाही फिकट लुकलुकतो. अशा वाकड्या वाटेनेही बराच प्रवाह वाहू शकत असल्यामुळे ठोका कधी वाढतो, तर कधी नेहमीसारखाच राहतो. म्हणून कानाबरोबर डोळ्यांनीही पाहावे. ५ वॅटचा छोटा दिवा गेला तरीही ठोका बहुधा बदलत नाही, कारण उरलेले ४२ वॅट मर्यादेच्या वरच असतात.

शेवटी एलईडी दिव्यांविषयी. जुन्या बल्बच्या जागी कोणी एलईडी बसवला, की तो अगदी थोडा प्रवाह घेतो आणि फ्लॅशरला वाटते की बल्ब जळाला. ठोका वाढतो. त्यावर अनेकजण जोडीला रोधक बसवतात. तो लोडची नक्कल करतो, ठोका सुधारतो, पण उद्या एलईडी खरोखर बंद पडला तरी रोधक प्रवाह वाहवतच राहतो आणि इशारा मिळत नाही. शिवाय हा रोधक चांगलाच तापतो. प्लॅस्टिकला किंवा तारांच्या जुडग्याला टेकला तर ते वितळते. त्यापेक्षा गाडीसाठी नेमून दिलेला २१ वॅटचा बल्बच ठेवणे बरे.

तेव्हा ठोका घाईत पडू लागला, तर डबी बदलण्याआधी गाडीतून उतरून एक फेरी मारावी. जो दिवा लागत नसेल त्याचा आधी बल्ब पाहावा, मग होल्डर, मग अर्थ. आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या बाजूला वळताना मागच्या वाहनाला आपला इशारा कदाचित दिसतच नाही, हे ध्यानात ठेवून वेग आधीच कमी करावा.